माल बुडाला तर कोणाचा? एफओबी आणि सीआयएफ अटींमधल्या जोखमीचा आढावा

9 जून 2025 रोजी केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 'वान हाय 503' या कंटेनर जहाजाला आग लागली. जहाज कोलंबोहून न्हावा शेवाकडे निघाले होते आणि त्यावर सतराशेहून अधिक कंटेनर होते. अशी बातमी आली की भिवंडी-पुण्याच्या आयातदारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, माल अजून माझ्या हातात आलेला नाही, मग नुकसान माझे की पाठवणाऱ्याचे? करारात 'सीआयएफ न्हावा शेवा' असे लिहिलेले असेल तर बहुतेक जण बेधडक सांगतात, माल न्हावा शेवाला लागेपर्यंत विक्रेत्याचा. हे उत्तर चुकीचे आहे. सीआयएफ अटीवर घेतलेला माल ज्या क्षणी परदेशातल्या बंदरात जहाजावर चढला, त्याच क्षणी त्याची जोखीम खरेदीदाराकडे आली. मधल्या समुद्रात आग लागो, जहाज बुडो, नुकसान खरेदीदाराचे.

एफओबी आणि सीआयएफ यांतला फरक साधारणपणे खर्चाच्या भाषेत सांगितला जातो. एफओबीत जहाजाचे भाडे खरेदीदार देतो, सीआयएफमध्ये भाडे आणि विमा विक्रेता देतो. हे बरोबरच आहे, पण त्यातून एक गैरसमज पसरतो, की जो भाडे देतो तोच जोखीम उचलतो. प्रत्यक्षात जोखीम पलटण्याची जागा दोन्ही अटींत एकच आहे, ती म्हणजे माल चढवण्याच्या बंदरातले जहाज. खर्चाची रेघ आणि जोखमीची रेघ एफओबीत एकाच ठिकाणी पडते, सीआयएफमध्ये त्या दोन वेगवेगळ्या बंदरांत पडतात. वाद निर्माण होतात ते या दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणून हा आढावा त्या पट्ट्याचा आहे.

तीन अक्षरे आणि पुढचे बंदर

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने, म्हणजे आयसीसीने, 1936 मध्ये इन्कोटर्म्स पहिल्यांदा प्रसिद्ध केल्या. त्यानंतर त्या अनेकदा सुधारल्या गेल्या आणि सध्याची आवृत्ती 1 जानेवारी 2020 पासून लागू आहे. तीत एकूण अकरा अटी आहेत. त्यांपैकी सात कोणत्याही वाहतुकीला चालतात आणि चार केवळ समुद्र किंवा अंतर्गत जलमार्गासाठी आहेत. एफओबी आणि सीआयएफ या चारांतल्या. इन्कोटर्म्स हा कायदा नाही. करारात त्यांचा उल्लेख केला तरच त्या लागू होतात, आणि मालकी कधी बदलते किंवा पैसे कधी द्यायचे याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. त्या फक्त कोणी काय करायचे, कोणी कशाचा खर्च द्यायचा आणि जोखीम कुठे पलटते एवढेच ठरवतात.

एफओबीपुढे येते ते माल चढवण्याचे बंदर. 'एफओबी न्हावा शेवा' म्हणजे विक्रेत्याने निर्यातीचे कस्टम्स करून माल न्हावा शेवाला, खरेदीदाराने ठरवलेल्या जहाजावर ठेवायचा. तिथे त्याचा खर्च संपतो आणि जोखीमही. सीआयएफपुढे मात्र उतरवण्याचे बंदर लिहितात. 'सीआयएफ रॉटरडॅम' म्हणजे विक्रेत्याने रॉटरडॅमपर्यंतचे भाडे भरायचे आणि खरेदीदाराच्या फायद्यासाठी विमा काढायचा. जोखीम मात्र जहाज जिथून निघाले तिथेच सुटलेली असते. गैरसमजाचे मूळ इथेच आहे. कागदावर रॉटरडॅम दिसते, जोखीम जिथे पलटली ते न्हावा शेवा मात्र लिहिलेलेच नसते. आयसीसीने या अटीच्या मार्गदर्शनात माल चढवण्याचे बंदरही करारात नोंदवावे असे सुचवले आहे, ते यासाठीच.

कठड्यावरून जहाजाच्या आत

'जहाजावर' म्हणजे नेमके कुठे, याची एक जुनी व्याख्या होती. 2000 सालच्या आवृत्तीपर्यंत जोखीम जहाजाच्या कठड्यावर पलटत असे. क्रेनला लटकलेला माल कठडा ओलांडण्याआधी पडला तर विक्रेत्याचा, ओलांडल्यावर पडला तर खरेदीदाराचा.

ही रेघ किती अवघड आहे हे लंडनमधल्या एका खटल्याने दाखवून दिले, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. पायरीन या ब्रिटिश कंपनीने भारत सरकारला विमानतळांसाठी आगीचे बंब एफओबी लंडन अटीवर विकले होते. माल मुंबईला यायचा होता आणि जहाज होते सिंदिया कंपनीचे 'जलाझाद'. लंडनच्या गोदीत जहाजाच्याच क्रेनने एक बंब उचलताना तो कठडा ओलांडण्यापूर्वी खाली धक्क्यावर आदळला. दुरुस्तीला 966 पौंड लागले. माल अजून विक्रेत्याचाच होता, म्हणून नुकसान त्याच्या अंगावर पडले आणि त्याने जहाज कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, वहनाच्या नियमांनुसार आमची जबाबदारी 200 पौंडांपर्यंतच आहे. विक्रेत्याचे म्हणणे होते की जहाजाशी करार खरेदीदाराचा आहे, माझा नाही, मग ही मर्यादा मला कशी लागेल? 1954 मध्ये न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निकाल दिला तो जहाज कंपनीच्या बाजूने. मर्यादा विक्रेत्यालाही लागू झाली आणि 966 पैकी 766 पौंडांचा खड्डा त्याच्या खिशाला पडला. क्रेनला झुलणाऱ्या मालाबरोबर जबाबदारीही कठड्याच्या अलीकडे-पलीकडे झुलत राहावी, हे दृश्य केवळ अतिउत्साही वकीलच समाधानाने पाहू शकेल, असे न्यायमूर्तींनी निकालात म्हटले.

2010 च्या आवृत्तीत आयसीसीने कठडा काढून टाकला. आता माल जहाजावर ठेवला गेला की जोखीम पलटते. चढवताना माल जहाजाच्या आतल्या बाजूला आदळला, तरी तो अजून ठेवला गेलेला नाही, म्हणून नुकसान विक्रेत्याचे. हा बदल दोन्ही अटींना सारखाच लागतो.

तासगाव ते रॉटरडॅम

आता एक प्रवास पायरीपायरीने पाहू. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला एक वीस फुटी कंटेनर, 18 टन बेदाणा, विकला असे समजा. दर टनाला 2,000 डॉलर, म्हणजे एफओबी किंमत 36,000 डॉलर. जहाजाचे भाडे 2,000 डॉलर आणि विम्याचा दर 0.3 टक्के धरू. विमा सीआयएफ किमतीच्या 110 टक्क्यांवर काढायचा असतो. वरचे दहा टक्के खरेदीदाराच्या अपेक्षित नफ्यासाठी आणि किरकोळ खर्चासाठी असतात. विम्याचा हप्ता स्वतःही सीआयएफ किमतीत मोजला जातो, म्हणून 38,000 ला 0.9967 ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे 38,126 डॉलर. त्यात विम्याचा हप्ता साधारण 126 डॉलर आणि विम्याची रक्कम सुमारे 41,940 डॉलर. म्हणजे दोन भावांत फरक 2,126 डॉलरचा. हा फरक वाहतुकीच्या आणि विम्याच्या खर्चाचा आहे, जोखमीचा नाही.

पहिला टप्पा कारखान्यापासून बंदरापर्यंत. कारखान्यातच कंटेनर भरला, सील लावले, ट्रेलर साताऱ्यावरून खंबाटकी ओलांडून निघाला. तो घाटात उलटला तर नुकसान दोन्ही अटींत विक्रेत्याचे. इथे एक फरक आहे जो अनेक निर्यातदारांच्या लक्षात येत नाही. सीआयएफमध्ये विक्रेत्याने काढलेला सागरी विमा बहुधा गोदामापासून सुरू होतो, म्हणून हा टप्पा त्यात झाकला जातो. एफओबीत सागरी विमा खरेदीदाराचा असतो आणि माल जहाजावर चढण्यापूर्वी खरेदीदाराची काही जोखीमच नसते, म्हणून तो विमा तासगावच्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. एफओबीवर विकणाऱ्याने कारखान्यापासून जहाजापर्यंतचा विमा स्वतः काढायलाच हवा. अनेक जण तो काढत नाहीत, कारण 'विमा समोरच्याचा आहे' असे त्यांनी ऐकलेले असते.

दुसरा टप्पा बंदराच्या आवारातला. कंटेनर न्हावा शेवाच्या टर्मिनलमध्ये गेटमधून आत गेला, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर झाली, ट्रेलर परत निघाला. आता कंटेनर विक्रेत्याच्या नजरेआड आहे. तो जहाजाची वाट पाहत चार-पाच दिवस यार्डात उभा राहील. पावसाचे पाणी शिरले, दुसऱ्या कंटेनरची धडक बसली, आग लागली, तरी नुकसान अजून विक्रेत्याचेच, एफओबी असो वा सीआयएफ. माल ताब्यात नाही आणि जोखीम मात्र गळ्यात, अशी ही सर्वांत अडचणीची अवस्था आहे.

तिसरा टप्पा जहाजावर चढवण्याचा. क्रेनने कंटेनर उचलला, ठरलेल्या जागी ठेवला. हा तो क्षण. यानंतरचे प्रत्येक नुकसान खरेदीदाराचे. बिल ऑफ लेडिंगवर 'जहाजावर चढवला' अशी तारखेसह नोंद होते, आणि जोखीम पलटल्याचा व्यवहारातला पुरावा तीच नोंद.

चौथा टप्पा समुद्राचा. इथे जोखमीच्या बाबतीत दोन्ही अटी सारख्या आहेत, पण खर्चाच्या बाबतीत वेगळ्या. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास जवळजवळ दोन आठवड्यांनी लांबला, भाडी कडाडली. ज्यांनी जुन्या भाड्याच्या हिशेबाने सीआयएफ भाव देऊन ठेवला होता, त्यांना वाढलेले भाडे स्वतःच्या नफ्यातून भरावे लागले. एफओबीवर विकणाऱ्याला त्याची झळ थेट लागली नाही. उलट उशिरामुळे बाजार हुकला, माल जुना झाला, तर ते नुकसान दोन्ही अटींत खरेदीदाराचे, आणि उशिराचे नुकसान नेहमीच्या सागरी विम्यात कधीच भरून मिळत नाही. द्राक्षासारख्या नाशवंत मालात हा मुद्दा बेदाण्यापेक्षा कितीतरी तीव्र होतो.

समुद्रातला आणखी एक खर्च लोकांना अनपेक्षित असतो. जहाज वाचवण्यासाठी सगळ्यांच्या भल्याकरता काही खर्च किंवा त्याग करावा लागला, तर तो जहाजमालक आणि सर्व मालधारक यांच्यात वाटून घेतात. याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या 'एव्हर गिव्हन' जहाजाच्या मालकांनी तशी घोषणा केली होती. अशा वेळी स्वतःचा कंटेनर ठणठणीत असला तरी वाटा भरल्याशिवाय किंवा हमी दिल्याशिवाय तो सोडत नाहीत. हा वाटाही जोखीम ज्याची त्याचा, म्हणजे दोन्ही अटींत खरेदीदाराचा. सर्वांत कमी संरक्षणाच्या सागरी विम्यातही तो मिळतो. विमाच नसेल तर रोख भरावा लागतो.

पाचवा टप्पा रॉटरडॅमचा. जोखीम कधीच पलटलेली असते, इथे प्रश्न उरतो तो खर्चाचा. जहाजाचे भाडे विक्रेत्याने भरले, पण उतरवण्याचे आणि टर्मिनलचे शुल्क त्या भाड्यात धरलेले आहे का, हे वहनाच्या करारावर ठरते. धरलेले नसेल तर खरेदीदाराने द्यायचे. आयातीचे कस्टम्स आणि पुढची वाहतूक दोन्ही अटींत खरेदीदाराची.

विम्यातली फट

सीआयएफमध्ये विमा विक्रेता काढतो आणि नुकसान खरेदीदाराचे असते. स्वतःच्या नुकसानीचा विमा दुसऱ्याने, तोही स्वस्तात स्वस्त काढावा, अशी ही रचना आहे, आणि विक्रेत्यावर बंधन फक्त किमान संरक्षणाचे आहे. हे किमान म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमधला 'सी' वर्ग.

या वर्गात आग, स्फोट, जहाज बुडणे किंवा रुतणे, टक्कर, वाहन उलटणे, जनरल अ‍ॅव्हरेज, आणि जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम समुद्रात टाकलेला माल, एवढेच येते. 'वान हाय 503' सारखी आग त्यात बसते. पण वादळात लाटेने कंटेनर वाहून गेला तर तो 'सी' वर्गात नाही. कंटेनरमध्ये समुद्राचे पाणी शिरले तर तेही नाही. चोरी नाही, पावसाने भिजणे नाही. वाहून जाणे आणि समुद्राचे पाणी यांसाठी 'बी' वर्ग लागतो, आणि चोरीसकट बहुतेक सगळ्या धोक्यांसाठी 'ए' वर्ग. युद्ध आणि संप यांसाठी तिन्ही वर्गांत वेगळी भर घालावी लागते.

आपल्या बेदाण्याच्या कंटेनरचे रॉटरडॅमला दार उघडल्यावर वरच्या दोन थरांतले खोके ओले निघाले असे समजा. सर्व्हेअर येतो. तो आधी सील आणि त्याचा क्रमांक तपासतो. मग आत उभे राहून दारे बंद करायला लावतो आणि छताला किंवा भिंतीला उजेडाचे ठिपके दिसतात का पाहतो, कारण जिथून उजेड येतो तिथून पाणीही येते. मग ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. दुधासारखा पांढरा साका आला तर पाण्यात मीठ आहे, म्हणजे ते समुद्राचे पाणी. साका आला नाही आणि छताखालच्या खोक्यांवरच वरून ठिबकल्याचे डाग असतील, तर तो कंटेनरचा घाम, म्हणजे उष्ण बंदरातून थंड समुद्रात जाताना आतली वाफ थंड होऊन झालेले पाणी. आणि पाणी गोडे असून छताला भोक असेल, तर पाऊस, मग तो न्हावा शेवाच्या यार्डातला की वाटेतल्या बंदरातला हा प्रश्न.

या एका थेंबावर जबाबदारी फिरते. समुद्राचे पाणी असेल तर ते जहाजावर चढल्यावरच शिरले, जोखीम खरेदीदाराची, आणि त्याच्या हातातला विमा 'सी' वर्गाचा असेल तर भरपाई शून्य. घाम असेल तर 'सी' वर्गात तोही नाही, आणि 'ए' वर्गातसुद्धा विमा कंपनी म्हणू शकते की भरताना बेदाण्यात ओलावाच जास्त होता, पॅकिंग अपुरे होते. मालाचा अंगभूत दोष आणि अपुरे पॅकिंग कोणत्याच वर्गात भरून मिळत नाही. असा दोष सिद्ध झाला तर खरेदीदार पुन्हा तासगावकडे वळतो. जोखीम पलटली म्हणून विक्रेता सदोष मालाच्या जबाबदारीतून सुटत नाही. जोखीम म्हणजे वाटेतले अपघाती नुकसान, मुळातल्या खोटीचा तिच्याशी संबंध नाही. पाऊस यार्डातला असेल तर तो जहाजावर चढण्याआधीचा, म्हणजे विक्रेत्याचा. पण बंद कंटेनरच्या बाबतीत तो कुठे पडला हे सिद्ध करणे महाकठीण असते. म्हणून भरताना बेदाण्यातला ओलावा मोजून नोंदवणे, रिकाम्या कंटेनरची उजेडाने तपासणी करून फोटो ठेवणे आणि सील क्रमांकाचा फोटो काढणे, एवढे तरी करावेच.

खरेदीदाराने करारात 'विमा ए वर्गाचा, युद्ध व संप धरून' असे एक वाक्य घातले की ही फट मिटते. हप्ता थोडा वाढतो, आणि तो कोणी द्यायचा तेही त्याच वाक्यात लिहून टाकावे.

जहाजच चुकले तर

जोखमीच्या जागेत दोन्ही अटी सारख्या असल्या तरी एका प्रसंगात त्या खरोखर वेगळ्या वागतात. एफओबीत जहाज खरेदीदार ठरवतो. ठरलेल्या मुदतीत त्याचे जहाज आलेच नाही, किंवा आले पण माल न घेता गेले, तर ठरल्या तारखेपासून, अथवा मुदत संपल्यापासून, जोखीम खरेदीदाराकडे जाते, माल जहाजावर नसला तरी. अट एवढीच, की माल याच करारासाठी म्हणून स्पष्ट वेगळा काढलेला असावा. गर्दीच्या दिवसांत शिपिंग लाइन कंटेनर 'रोल' करते, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलते. एफओबी करारात असे झाले आणि मुदत उलटली, तर यार्डात उभ्या कंटेनरची जोखीम खरेदीदाराची.

सीआयएफमध्ये जहाज विक्रेत्याचे. त्याची लाइन कंटेनर रोल करते तेव्हा जोखीम त्याच्याकडेच राहते आणि उशीरही त्याच्याच खात्यात मोजला जातो. म्हणून सीआयएफवर विकणाऱ्याने जहाजाच्या तारखा अगदी काठावरच्या देऊ नयेत, आणि एफओबीवर विकणाऱ्याने माल तयार असल्याची व जहाजाने तो घेतला नसल्याची सूचना लगेच लेखी पाठवावी.

लेखी सूचनेला आपल्या कायद्यातही वजन आहे. 1930 च्या भारतीय माल विक्री कायद्यातील कलम 39 च्या तिसऱ्या उपकलमानुसार, समुद्रमार्गे माल पाठवताना, विमा काढण्याची रीत असेल अशा परिस्थितीत, खरेदीदाराला विमा काढता यावा इतकी माहिती विक्रेत्याने दिली पाहिजे. दिली नाही आणि करारात काही वेगळे ठरलेले नसेल, तर समुद्रप्रवासात माल विक्रेत्याच्या जोखमीवर राहतो. जहाजाचे नाव, निघण्याची तारीख आणि कंटेनर क्रमांक असलेला दोन ओळींचा ईमेल न पाठवल्यामुळे पलटलेली जोखीम परत अंगावर येऊ शकते.

बुडालेल्या मालाचे कागद

सीआयएफ खरेदीदाराला सर्वांत विचित्र वाटणारी गोष्ट म्हणजे माल बुडाल्यावरही पैसे द्यावे लागतात. इंग्रजी कायद्यात सीआयएफ विक्रीत विक्रेता पैसे मागतो ते कागद हाती देऊन. बिल ऑफ लेडिंग, बीजक आणि विम्याचा कागद, हे तीन. पहिल्या महायुद्धात 'अल्गॉनक्विन' हे जहाज बुडाल्यानंतर त्यावरच्या स्टार्च आणि कॉर्न सिरपच्या विक्रीवरून मॅनब्रे सॅकरिन विरुद्ध कॉर्न प्रॉडक्ट्स हा खटला लंडनमध्ये उभा राहिला. 1919 च्या निकालात न्यायमूर्ती मॅकार्डी म्हणाले की माल नष्ट झाल्याचे विक्रेत्याला ठाऊक असले तरी तो योग्य कागद सादर करून पैसे मागू शकतो. पण त्याच खटल्यात विक्रेता हरला, कारण त्याने दिलेला विम्याचा कागद पुरेसा नव्हता. दोन्ही बाजूंनी यातून घ्यायचा धडा एकच. माल समुद्रतळाशी गेल्यावर खरेदीदाराच्या हाती उरते ती फक्त विमा पॉलिसी, म्हणून ती आधी वाचून घ्यावी.

एफओबीत विक्रेत्याची चिंता याच्या उलट्या बाजूची. जोखीम खरेदीदाराकडे गेली हे कायद्याने खरे, पण पैसे आलेले नसतील आणि खरेदीदाराने बुडालेल्या मालाचे पैसे द्यायला नकार दिला, तर परदेशात दावा लावणे हाच मार्ग उरतो. विमा खरेदीदाराचा, त्यावर विक्रेत्याचा हक्क नाही. उधारीवर एफओबी विकणाऱ्याने म्हणूनच स्वतःच्या हिताचा पूरक विमा काढावा. विमा कंपन्या तो 'सेलर्स कंटिन्जन्सी' नावाने देतात.

कंटेनरला या अटी का बसत नाहीत

गोव्याच्या खनिजाचे उदाहरण घ्या. मांडवी-झुवारीतून बार्जने आलेले खनिज मुरगावला मोठ्या जहाजात ओतले जाते. बार्ज बुडाली तर विक्रेत्याची, जहाजात पडलेले खनिज खरेदीदाराचे. अशा सुट्या मालाला एफओबी चपखल बसते, कारण विक्रेता माल खरोखर जहाजापर्यंत स्वतः नेतो. कोळसा, खाद्यतेल, धान्य यांच्या सीआयएफ करारांचेही तेच.

कंटेनरमध्ये तसे होत नाही. विक्रेता माल टर्मिनलला देतो आणि तिथून पुढे त्याचा हात सुटतो. वर पाहिलेली यार्डातली चार-पाच दिवसांची अडचण याच विसंगतीतून येते. आयसीसीचे म्हणणे गेली अनेक वर्षे स्पष्ट आहे, की कंटेनर टर्मिनलला सोपवायचा असेल तर एफओबीऐवजी एफसीए आणि सीआयएफऐवजी सीआयपी वापरा. एफसीएत माल वाहकाकडे सोपवला की जोखीम पलटते, यार्डाचे दिवस विक्रेत्याच्या डोक्यावर राहत नाहीत. सीआयपीत हेच, आणि 2020 पासून विमा आपोआप 'ए' वर्गाचा. सीआयएफमध्ये मात्र 'सी' वर्गच किमान ठेवला आहे.

तरी लोक एफओबी सोडत नाहीत. एक कारण सवयीचे, आपल्या शिपिंग बिलावर किंमत एफओबीतच दाखवावी लागते. दुसरे कारण पत-पत्राचे, बँक 'जहाजावर चढवला' असे बिल ऑफ लेडिंग मागते आणि एफसीएत ते विक्रेत्याला सहज मिळत नसे. 2020 च्या आवृत्तीने ही अडचण दूर केली. खरेदीदाराने आपल्या वाहकाला तसे बिल विक्रेत्याला देण्याची सूचना करावी, असे दोघांना आता एफसीएतच ठरवता येते. शिपिंग बिलावर एफओबी मूल्य दाखवणे ही कस्टम्सची हिशेबाची पद्धत आहे. तिच्यामुळे विक्रीचा करार एफओबीवर करावा लागत नाही.

सगळा आढावा घेतल्यावर निष्कर्ष असा. जोखमीपुरत्या एफओबी आणि सीआयएफ जवळजवळ एकच आहेत, दोन्हींत माल जहाजावर चढेपर्यंत विक्रेत्याचा आणि नंतर खरेदीदाराचा. फरक पडतो तो जहाज आणि विमा कोणाच्या हातात आहे यावर. एफओबीवर विकणाऱ्याने गोदामापासून जहाजापर्यंतचा विमा काढावा. सीआयएफवर घेणाऱ्याने 'सी' वर्गाचा विमा स्वीकारू नये. कंटेनर पाठवणाऱ्या दोघांनीही एफसीए किंवा सीआयपी वापरावी. आणि कोणतीही अट घेतली तरी करारात तीन गोष्टी पूर्ण लिहाव्यात, अटीपुढे बंदराचे किंवा ठिकाणाचे पूर्ण नाव, त्यानंतर 'इन्कोटर्म्स 2020' हे शब्द, आणि विम्याचा वर्ग. 'इन्कोटर्म्स 2020' हे शब्द वगळू नयेत, कारण अमेरिकेतल्या देशांतर्गत व्यापारात एफओबीचा अर्थ वेगळाही होतो. सही करण्यापूर्वी ही एक ओळ तपासून घ्या, माल निघून गेल्यावर ती बदलता येत नाही.